आय-सेक्शन बीममधला शिअर स्ट्रेस: वेबमध्ये किती, फ्लँजमध्ये किती आणि कमाल नेमका कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या सगळ्या उत्तरांत एकच बीम वापरला आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतील. सेक्शनची एकूण खोली ४०० मिमी. दोन्ही फ्लँज २०० मिमी रुंद आणि २० मिमी जाड. वेब १० मिमी जाड, तिची दोन फ्लँजमधली उंची ३६० मिमी. या सेक्शनवर उभा शिअर फोर्स २०० किलोन्यूटन आहे. न्यूट्रल ॲक्सिसभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया सुमारे ३२.७९ कोटी मिमी⁴ येतो. कागद-पेन्सिल घेऊन सोबत बसलात तर उत्तम.

प्रश्न: २०० किलोन्यूटनला क्षेत्रफळाने भागलं की शिअर स्ट्रेस मिळायला हवा. तो असा सरळ का मिळत नाही?

भागून बघू. सेक्शनचं क्षेत्रफळ ११,६०० मिमी², म्हणून सरासरी सुमारे १७.२ मेगापास्कल. प्रत्यक्षात वेबच्या मध्यावर ५६.२ मेगापास्कल असतो, म्हणजे या सरासरीच्या तिपटीहून जास्त. इतका फरक पडतो, कारण बीममधला शिअर स्ट्रेस स्वतंत्रपणे येत नाही. बीमच्या लांबीवर बेंडिंग मोमेंट बदलत जातो आणि तो बदल पेलण्यासाठी शिअर स्ट्रेस तयार होतो. हे सूत्रातून शिकवलं जातं, पण एका पातळ चकतीवर हिशोब केला तर जास्त लवकर पटतं.

बीममधून लांबीच्या दिशेने १ मिमी जाडीची चकती कापून घ्या. शिअर फोर्स २०० किलोन्यूटन आहे, म्हणजे चकतीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत मोमेंट २,००,००० न्यूटन-मिमीने वाढतो. वरच्या फ्लँजचा मध्य न्यूट्रल ॲक्सिसपासून १९० मिमी वर आहे. मोमेंटमधल्या या वाढीमुळे तिथला बेंडिंग स्ट्रेस २,००,००० × १९० ÷ ३२.७९ कोटी, म्हणजे सुमारे ०.११६ मेगापास्कलने वाढतो. फ्लँजचं क्षेत्रफळ ४,००० मिमी². म्हणजे चकतीतल्या फ्लँजच्या तुकड्याला एका बाजूने दुसऱ्या बाजूपेक्षा सुमारे ४६३ न्यूटन जास्त दाबलं जातंय.

हा तुकडा सरकत नाही, कारण त्याला कोणीतरी धरून ठेवलंय. वरून हवा आहे, दोन्ही टोकांना हवा आहे, बाहेर निघालेल्या पंखांच्या खालीही हवाच. धरणारी फक्त वेब. ती फ्लँजला १० मिमी रुंदीवर जोडलेली आहे आणि चकती १ मिमी जाड आहे, म्हणून ४६३ न्यूटन १० मिमी² वर येतात. स्ट्रेस झाला ४६.३ मेगापास्कल. हा आडव्या पातळीवरचा शिअर स्ट्रेस. त्याच बिंदूवर उभ्या पातळीवरही तेवढाच असावा लागतो, नाहीतर तिथला इवलासा चौकोन गोल फिरत राहील. आपण ज्याला ‘वेबमधला उभा शिअर’ म्हणतो तो हाच.

प्रसिद्ध सूत्रात याच गोष्टी लिहिलेल्या आहेत:

```
τ = V Q / (I b)
```

इथे V म्हणजे शिअर फोर्स, I म्हणजे वर दिलेला मोमेंट ऑफ इनर्शिया, Q म्हणजे आपण कापलेल्या पातळीच्या पलीकडच्या क्षेत्रफळाचा न्यूट्रल ॲक्सिसभोवतीचा पहिला मोमेंट, आणि b म्हणजे त्या कापावरची रुंदी. रशियन रेल्वे इंजिनिअर झुराव्स्की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लाकडी पुलांचं काम करताना या विचारापर्यंत पोहोचले. लाकूड तंतूंच्या दिशेने आडवं चिरतं, म्हणून लाकडात हा आडवा शिअर डोळ्यांना दिसतो. स्टीलमध्ये तो तसाच असतो, फक्त दिसत नाही.

प्रश्न: खोलीभर स्ट्रेसचा आलेख कसा दिसतो?

वरच्या कडेपासून खाली येऊ. अगदी वरच्या पृष्ठभागावर शून्य, कारण त्याच्या पलीकडे काही नाहीच आणि Q शून्य आहे. फ्लँजमधून खाली येताना Q वाढतो, पण b २०० मिमी असल्याने स्ट्रेस नगण्य राहतो. फ्लँजच्या तळाशी, वेब सुरू होण्याच्या क्षणभर आधी, सूत्र २.३ मेगापास्कल देतं. तिथेच, एक केसभर खाली, वेबमध्ये ४६.३.

पुढे वेबमधून खाली उतरताना Q अजून वाढतो, पण हळू. वरची अर्धी वेब १,८०० मिमी² ची आहे आणि तिचा मध्य न्यूट्रल ॲक्सिसपासून ९० मिमी वर आहे. तिच्यामुळे चकतीत आणखी ९९ न्यूटनची भर पडते. ४६३ आणि ९९ मिळून ५६२ न्यूटन, रुंदी तीच १० मिमी, म्हणून मध्यावर ५६.२ मेगापास्कल. खालच्या अर्ध्यात हेच उलट क्रमाने.

वेबमधला आलेख पॅराबोला आहे हे खरं, पण पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत तो बऱ्याचदा फुगवून काढलेला असतो. आपल्या बीममध्ये वेबच्या टोकाला ४६.३ आणि मध्यावर ५६.२ आहे. मध्यावरचा कमाल स्ट्रेस टोकापेक्षा जेमतेम २१ टक्के जास्त. प्रमाणात काढलात तर आकृती जवळजवळ आयताची होते, एका बाजूला किंचित पोट आलेलं. कारण Q चा मोठा हिस्सा, ९,२२,००० मिमी³ पैकी ७,६०,०००, एकट्या फ्लँजचा आहे.

प्रश्न: फ्लँज आणि वेबच्या जोडावर स्ट्रेस एकदम वीसपट कसा होतो? धातू तर सलग आहे.

धातू सलग आहे, रुंदी नाही. त्या पातळीवर चकतीतून जाणारं बळ दोन्हीकडे ४६३ न्यूटनच आहे. ते २०० मिमी रुंदीवर पसरलं असं धरलं तर २.३ आणि १० मिमी रुंदीतून गेलं तर ४६.३. दोन रुंदींचं गुणोत्तर वीस, म्हणून उडीही विसाची.

खऱ्या बीममध्ये अशी धारदार उडी नसते. रोल्ड सेक्शनला तिथे गोलाई असते, तिच्यामुळे रुंदी हळूहळू कमी होते आणि कोपऱ्याजवळ स्थानिक स्ट्रेस थोडा वेगळा वागतो. हातच्या हिशोबात आपण गोलाई सोडून देतो. उडी ही त्या सोडून देण्याची किंमत आहे, आणि ती परवडते.

प्रश्न: मग फ्लँजमधला २.३ हा आकडा खरा आहे का?

नाही. बरेच लोक इथपर्यंत येऊन थांबतात, पण फ्लँज खरं काय काम करतो ते इथून पुढेच कळतं.

सूत्र फक्त b रुंदीवरची सरासरी देतं. वेबमध्ये रुंदी १० मिमी आहे, त्यामुळे सरासरी आणि वास्तव जवळजवळ एक. फ्लँजमध्ये रुंदी २०० मिमी आहे आणि त्यातले १९० मिमी खालून मोकळे आहेत. मोकळ्या पृष्ठभागावर शिअर स्ट्रेस असूच शकत नाही, तिथे तो घ्यायला दुसरी बाजूच नाही. म्हणजे पंखांच्या तळाशी उभा शिअर शून्य असायला हवा, आणि सूत्र मात्र तिथेही २.३ सांगतंय. दोघांतलं एक चूक आहे, आणि चूक आहे ते सूत्र इथे वापरणं.

फ्लँजमध्ये प्रत्यक्ष असतो तो आडवा शिअर, फ्लँजच्या रुंदीच्या दिशेने वाहणारा. तोही त्याच तर्काने मिळतो. फ्लँजच्या उजव्या टोकापासून s अंतरावर उभा काप घ्या. त्या कापाच्या बाहेरचा तुकडा s × २० मिमी² चा आहे. चकतीत त्यालाही एका बाजूने जास्त दाबलं जातंय, आणि त्याला धरणारा काप २० मिमी रुंदीचा आहे. टोकाला s शून्य, म्हणून स्ट्रेस शून्य. तिथून आत येताना तो सरळ रेषेत वाढतो. वेबच्या मध्यरेषेपर्यंत s १०० मिमी होतो आणि स्ट्रेस ११.६ मेगापास्कल. पाठ्यपुस्तकी २.३ च्या पाचपट, आणि दिशाही वेगळी.

आता स्ट्रेसऐवजी शिअर फ्लो बघा, म्हणजे स्ट्रेस गुणिले जाडी. फ्लँजच्या उजव्या अर्ध्यातून येणारा फ्लो ११.६ × २०, म्हणजे सुमारे २३२ न्यूटन प्रति मिमी. डाव्या अर्ध्यातूनही तेवढाच. दोन्ही वेबच्या डोक्याशी येऊन मिळतात आणि ४६३ न्यूटन प्रति मिमी होऊन वेबमधून खाली उतरतात. दोन ओढे मिळून एक नदी व्हावी तसं. खाली तीच नदी पुन्हा दोन ओढ्यांत फुटून खालच्या फ्लँजच्या दोन्ही टोकांकडे विरून जाते. हा हिशोब जुळतो की नाही हे बघणं म्हणजे तुमच्या सगळ्या आकड्यांची फुकटात होणारी तपासणी आहे.

डाव्या आणि उजव्या अर्ध्या फ्लँजमधलं एकूण आडवं बळ प्रत्येकी ११.६ किलोन्यूटन आहे, दिशा विरुद्ध, म्हणून ते एकमेकांना खोडून काढतात. चॅनेल सेक्शनला फ्लँज एकाच बाजूला असतो, तिथे खोडणारा जोडीदार नसतो, आणि म्हणून भार वेबच्या रेषेत दिला तरी चॅनेल पीळ खातो. शिअर सेंटर नावाची कल्पना याच आडव्या बळातून जन्मते.

प्रश्न: एकूण शिअरपैकी वेब किती उचलते?

वेबमधल्या पॅराबोलाची सरासरी काढा: टोकाचा ४६.३ अधिक फरकाचे दोन तृतीयांश, म्हणजे ५२.९. याला वेबच्या ३,६०० मिमी² ने गुणलं की सुमारे १९०.६ किलोन्यूटन. म्हणजे ९५ टक्क्यांच्या थोडं वर. उरलेले साडेनऊ किलोन्यूटन सूत्रानुसार दोन फ्लँजमध्ये वाटले जातात.

म्हणून रोजच्या डिझाइनमध्ये कोणी पॅराबोला काढत बसत नाही. शिअर फोर्सला वेबच्या क्षेत्रफळाने भागतात. एकूण खोली धरून ४०० × १० ने भागलं तर ५० मेगापास्कल, फक्त वेबची उंची धरून ३६० × १० ने भागलं तर ५५.६. खरा कमाल ५६.२. दुसरी सरासरी एका टक्क्याच्या आसपास चुकते, पहिली खऱ्यापेक्षा ११ टक्के कमी सांगते. कोणती वापरायची हे तुमचा कोड त्या प्रकारच्या सेक्शनसाठी ठरवून देतो, आणि परवानगीची मर्यादाही त्याच व्याख्येला धरून असते. एका कोडची मर्यादा आणि दुसऱ्या कोडचं क्षेत्रफळ अशी सरमिसळ मात्र करू नका.

आयताकृती सेक्शनचं ‘कमाल म्हणजे सरासरीच्या दीडपट’ हे वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते इथे लावलं तर वेबच्या सरासरीवरून ८३ मेगापास्कल येईल आणि गरज नसताना वेब जाड होईल. दीडपट हा आकडा सरळ रुंदीच्या आयतापुरताच.

प्रश्न: कमाल शिअर स्ट्रेस नेहमी न्यूट्रल ॲक्सिसवरच असतो का?

Q नेहमी न्यूट्रल ॲक्सिसवर कमाल असतो. स्ट्रेस मात्र Q भागिले b वर ठरतो. वेबची जाडी एकसारखी असेल आणि न्यूट्रल ॲक्सिस वेबमध्येच असेल, तर कमाल स्ट्रेस तिथेच. दोन्ही अटी महत्त्वाच्या आहेत, म्हणून एकेक तपासू.

आधी फ्लँज असमान करून बघा. खालचा फ्लँज २०० ऐवजी १०० मिमी रुंद करा, बाकी सगळं तेच. न्यूट्रल ॲक्सिस जड फ्लँजकडे सरकतो आणि तळापासून सुमारे २४० मिमीवर येतो. I कमी होऊन सुमारे २४.०६ कोटी होतो. आता वेबमध्ये मोठ्या फ्लँजखाली ५०.०, लहान फ्लँजवर ३८.२ आणि न्यूट्रल ॲक्सिसवर ५८.२ मेगापास्कल. म्हणजे कमाल ॲक्सिससोबत वर सरकला, खोलीच्या मध्यावर राहिला नाही. ‘मध्यावर कमाल’ असं पाठ केलेल्यांची चूक इथे उघडी पडते.

आता दुसरी अट मोडू. ३०० मिमी रुंद, ६० मिमी जाड फ्लँज आणि खाली १० × २०० मिमी ची वेब असा टी-सेक्शन घ्या. न्यूट्रल ॲक्सिस वरून ४३ मिमीवर येतो, म्हणजे फ्लँजच्या आत. तिथे b ३०० मिमी, त्यामुळे सूत्राचा स्ट्रेस क्षुल्लक. फ्लँजच्या खाली वेब सुरू होते तिथे Q थोडा कमी झालेला असतो, पण b एकदम १० वर येतो, म्हणून स्ट्रेस न्यूट्रल ॲक्सिसवरच्या आकड्याच्या सुमारे २५ पट. कमाल इथे वेबच्या डोक्याशी. स्टीलच्या बीमवर काँक्रीटचा स्लॅब एकसंध काम करत असेल तेव्हा न्यूट्रल ॲक्सिस बऱ्याचदा असाच वर सरकतो.

प्रश्न: तोच बीम आडवा पाडून वापरला, म्हणजे फ्लँज उभे आणि वेब आडवी, तर?

मग काम फ्लँज करतात. हा प्रश्न मी मुद्दाम सोडवायला देतो, कारण सूत्र इथे तोंडावर पाडतं. न्यूट्रल ॲक्सिस वेबच्या जाडीच्या मधून जातो. तिथे b म्हणून पूर्ण ४०० मिमी धरले तर उत्तर येतं ३.८ मेगापास्कल. फक्त ५ मिमी बाजूला, वेब संपताच b म्हणजे दोन फ्लँजच्या जाड्या, ४० मिमी, आणि उत्तर ३७.४.

‘न्यूट्रल ॲक्सिसवर जवळजवळ काही नाही’ हा निष्कर्ष काढू नका. ३.८ हा फ्लँजमधल्या २.३ सारखाच कागदी आकडा आहे: वेबचा बहुतेक भाग या दिशेच्या शिअरमध्ये भागच घेत नाही, तरी सूत्राने त्याची रुंदी सरासरीत ओढली. दोन फ्लँज म्हणजे २० × २०० मिमी चे दोन आयत समजून हिशोब केला की मध्यावर दीडपट सरासरी येते, ३७.५ मेगापास्कल. हाच आकडा खऱ्याच्या जवळचा.

प्रश्न: वेब न्यूट्रल ॲक्सिसवरच आधी निकामी होते, हे बरोबर ना?

थांबा. इथे ‘कमाल’ शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात.

आतापर्यंत आपण उभ्या आणि आडव्या पातळीवरचा शिअर स्ट्रेस बघितला. पण एकाच बिंदूवर तिरप्या पातळ्याही असतात, आणि बेंडिंग स्ट्रेस सोबत असेल तर त्या तिरप्या पातळीवरचा शिअर जास्त असू शकतो. न्यूट्रल ॲक्सिसवर बेंडिंग शून्य, त्यामुळे तिथे ५६.२ हाच शेवटचा आकडा. वेब-फ्लँज जोडावर शिअर ४६.३ आहे, पण बेंडिंगही मोठं आहे.

आपला बीम कॅन्टिलिव्हर समजा. मोकळ्या टोकाला २०० किलोन्यूटन भार, लांबी १ मीटर. आधाराशी मोमेंट २०० किलोन्यूटन-मीटर. वरच्या कडेला बेंडिंग स्ट्रेस १२२ मेगापास्कल, जोडापाशी ११०. आता जोडापाशी मोहर सर्कल काढा. मध्य ५५ वर, त्रिज्या म्हणजे ५५ आणि ४६.३ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, सुमारे ७२. म्हणजे तिथे कोणत्याही पातळीवरचा कमाल शिअर ७२ मेगापास्कल. न्यूट्रल ॲक्सिसवर ५६, वरच्या कडेला १२२ चा अर्धा म्हणजे ६१. तिघांत मोठा जोडाचाच. प्रिन्सिपल स्ट्रेसही तिथे १२७ येतो, वरच्या कडेच्या १२२ पेक्षा जास्त. फॉन मिझेसचा समतुल्य स्ट्रेस जोडापाशी १३६, वरच्या कडेला १२२, न्यूट्रल ॲक्सिसवर ९७.

म्हणजे VQ/Ib चा कमाल न्यूट्रल ॲक्सिसवर आहे, पण या बीममध्ये धातू आधी यील्ड होण्याची जागा वेबच्या डोक्याशी आहे.

हे दर बीमला लागू नाही. तोच २०० किलोन्यूटन-मीटर मोमेंट ४ मीटर लांब कॅन्टिलिव्हरच्या टोकावर ५० किलोन्यूटन टांगून आणा. जोडापाशी शिअर ११.६ वर येतो, समतुल्य स्ट्रेस सुमारे ११२, आणि वरच्या कडेचे १२२ पुन्हा पुढे निघतात. आखूड आणि जड भाराचा बीम, किंवा जिथे मोठा मोमेंट आणि मोठा शिअर एकाच जागी येतात असा सलग बीमचा मधला आधार, इथे जोड तपासायलाच हवा. लांब, साध्या आधाराच्या बीममध्ये मोमेंट मध्यावर कमाल असतो आणि शिअर आधारांशी, त्यामुळे हा प्रश्न सहसा उभाच राहत नाही.

प्रश्न: प्लेटी जोडून केलेल्या बीममध्ये वेब आणि फ्लँजमधल्या वेल्डसाठी कोणता आकडा घ्यायचा?

जोडावरचा शिअर फ्लो, म्हणजे ४६३ न्यूटन प्रति मिमी. Q फक्त फ्लँजचा, अर्ध्या सेक्शनचा नाही. वेबच्या दोन्ही बाजूंना फिलेट वेल्ड असतील तर प्रत्येकावर २३२ न्यूटन प्रति मिमी. ६ मिमी फिलेटचा थ्रोट सुमारे ४.२ मिमी, म्हणून वेल्डमध्ये ५५ मेगापास्कल.

मी तपासलेल्या एका हिशोबात ‘फ्लँजमध्ये शिअर २.३ च आहे’ असं म्हणून त्याच आकड्याला वेबच्या जाडीने गुणलं होतं आणि वेल्डवर २३ न्यूटन प्रति मिमी काढले होते. वीसपट कमी. आकडेमोडीत चूक नव्हती. चुकला होता तो b, ज्या कापाचा स्ट्रेस घेतला त्याच कापाच्या रुंदीने गुणायचं असतं.

दुसरी सर्रास दिसणारी समजूत अशी की मोमेंट मध्यावर जास्त, म्हणून वेल्ड मध्यावर जाड हवा. हा वेल्ड मोमेंटसाठी नसतो, मोमेंटच्या बदलासाठी असतो. एकसारखा भार असलेल्या साध्या बीममध्ये शिअर आधारांशी सर्वात जास्त, म्हणून वेल्डही तिथेच कसोटीला लागतो.

प्रश्न: पाइपसाठी वेबला भोक पाडायचं आहे. मध्यावर शिअर कमाल असेल तर भोक मध्यावर का पाडतात?

कारण फ्लँजजवळ पाडलं तर जोडाचाच लचका तोडला जातो, जिथे ४६३ न्यूटन प्रति मिमी चढ-उतार करतात आणि बेंडिंगही असतं. खोलीच्या मध्यावर बेंडिंग जवळजवळ नसतं. शिअर मात्र भोकाला वळसा घालून वरच्या आणि खालच्या टी-आकाराच्या तुकड्यांतून जातो आणि त्या तुकड्यांना स्वतःचं वेगळं बेंडिंग सोसावं लागतं. ते भोकाच्या लांबीबरोबर वाढतं, म्हणून तेवढ्याच उंचीचं लांबट चौकोनी भोक गोल भोकापेक्षा फार वाईट. खोलीत जागा मध्यावर, पण बीमच्या लांबीत जागा जिथे शिअर कमी तिथे. आधाराला चिकटून किंवा एकवटलेल्या भाराखाली भोक नको.

प्रश्न: हे आकडे कुठे चालत नाहीत?

आधारापाशी आणि एकवटलेल्या भाराखाली, साधारण बीमच्या खोलीएवढ्या पट्ट्यात. तिथे भार थेट वेबमध्ये दाबला जातो आणि स्ट्रेसची वाटणी पॅराबोलासारखी राहत नाही. त्या जागी वेबचं चिरडणं आणि स्थानिक बकलिंग वेगळं तपासतात.

यील्डनंतरही सूत्र लागू नाही. २५० मेगापास्कल यील्ड असलेलं स्टील निव्वळ शिअरमध्ये २५० भागिले √३, म्हणजे सुमारे १४४ ला यील्ड होतं. न्यूट्रल ॲक्सिस तिथे पोहोचला की स्ट्रेस वाढायचा थांबतो आणि शेजारचे भाग भर घालतात. पॅराबोलाचं उरलंसुरलं पोट सपाट होतं. वेबच्या सरासरीवर डिझाइन करणं चालतं त्याचं हेही एक कारण.

आणि वेब पातळ असेल तर ती यील्डच्या आधीच बकल होते. निव्वळ शिअर म्हणजे ४५ अंशांवर एका कर्णाच्या दिशेने ताण आणि दुसऱ्या कर्णाच्या दिशेने तेवढाच दाब. पातळ पत्रा त्या दाबाला टिकत नाही आणि वेबवर तिरप्या लाटा उमटतात. आपल्या बीममध्ये वेबची उंची जाडीच्या ३६ पट आहे, तिला ही भीती नाही. साध्या स्टीलमध्ये हे प्रमाण साधारण ६५-७० च्या पुढे गेलं की स्ट्रेस कितीही कमी दिसत असला तरी बकलिंग तपासावं लागतं आणि गरजेप्रमाणे उभे स्टिफनर द्यावे लागतात.

प्रश्न: माझा आलेख बरोबर आहे हे स्वतःच कसं ओळखू?

वर-खाली दोन्ही टोकांना शून्य आहे का ते बघा. जोडावरची उडी बरोबर रुंदींच्या गुणोत्तराएवढी आहे का, आणि वेबच्या बाजूला जास्त आहे का ते बघा. न्यूट्रल ॲक्सिसवरचा Q एकदा वरून आणि एकदा खालून काढा. दोन्ही सारखे आले नाहीत तर न्यूट्रल ॲक्सिसची जागाच चुकली आहे. वरच्या असमान सेक्शनमध्ये दोन्हीकडून ७,००,२५० मिमी³ येतात. शेवटी प्रत्येक भागाची सरासरी गुणिले क्षेत्रफळ करून बेरीज घ्या. आपल्या बीममध्ये वेबचे १९०.६ आणि दोन फ्लँजचे मिळून ९.४ धरून २०० किलोन्यूटन परत मिळतात. या बेरजेत मोठी तफावत दिसली, तर बहुतेक वेळा तुम्ही वेबचा पॅराबोला शून्यापासून सुरू केलेला असतो, जोडावरच्या ४६.३ पासून नाही, किंवा फ्लँजमध्ये b लिहिताना हात घसरलेला असतो.